धरणाखालचा अंधार: एका भाषणाची जडणघडण

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘विजेविना एक दिवस’ हा विषय आला, की बहुतेक घरांत पहिली ओळ आधीच तयार असते. आजच्या विज्ञानयुगात विजेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. मग एडिसन येतो, पाठोपाठ पंखा, फ्रिज, टीव्ही आणि संगणक येतात, आणि शेवटी वीज वाचवून देश वाचवला जातो. दहा वर्षांचे मूल ‘अनन्यसाधारण’पाशी अडखळते आणि परीक्षक खिडकीबाहेर बघू लागतात. दोष मुलाचा नाही. ते भाषण आईबाबांच्या निबंधवहीतून आलेले असते आणि मुलाला ते फक्त उचलून आणायला सांगितलेले असते.

या प्रकरणात आपण असे एक भाषण मुळापासून लिहू. बोलणारी मुलगी पाचवीतली आहे, राहणारी शेंडीची. अकोले तालुक्यात भंडारदरा धरणाला लागून असलेले हे गाव. मुलगी कल्पनेतली आहे. तिच्याभोवतीचे सगळे मात्र खरे असायला हवे, कारण स्पर्धा राजूरला किंवा अकोल्याला झाली तर समोर बसलेल्या निम्म्या लोकांना तिथला खांब न् खांब ठाऊक असतो.

शेंडी निवडण्याचे कारण सोपे आहे. लाईट कुठेही जाते, पण जिथे वीज तयार होते तिथेच ती गेली तर गोष्टीला आपोआप चव येते. प्रवरेवरचे भंडारदरा धरण इंग्रजांच्या काळात, 1910 ते 1926 या वर्षांत, बांधले गेले. त्याचे दुसरे नाव विल्सन धरण. त्यात साधारण 11 टीएमसी पाणी मावते. ते बांधले शेतीच्या पाण्यासाठी. वीज पुष्कळ नंतर आली. आज धरणाच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे आणि नदीच्या वाटेवर खाली, कोदणीला, 34 मेगावॅटचे दुसरे. शेतीसाठी सोडलेले पाणी जाता जाता टर्बाइनची चाके फिरवते आणि मग नदीला लागते.

आता 12 मेगावॅट हा आकडा दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी घातला, तर तो तिलाही कळणार नाही आणि ऐकणाऱ्यालाही. त्याचे दिवे करा. 12 मेगावॅट म्हणजे 1 कोटी 20 लाख वॅट. घरात 12 वॅटचा एलईडी दिवा असतो. भागाकार केला की 10 लाख दिवे. हा हिशेब मुलीने स्वतः पाटीवर करावा. आकडा पाठ केलेला असला की आवाज सपाट होतो, स्वतः काढलेला असला की आवाजात थोडी ऐट येते, आणि ती ऐट शिकवून येत नाही.

तरीही शेंडीत अंधार का होतो, हे मुलीला नीट समजलेले हवे. भाषणात त्यातले एकच वाक्य येईल, पण बक्षीस देताना एखाद्या परीक्षकाने विचारलेच, तर उत्तर पाहिजे. धरणातून वीज सरळ गावात येत नाही. केंद्रात तिचा दाब वाढवतात आणि ती मोठ्या तारांवरून राज्याच्या जाळ्यात जाते. गावाला मिळते ती त्याच जाळ्यातून, उपकेंद्रावरून निघालेल्या 11 हजार व्होल्टच्या लाईनवरून. गावाजवळच्या डीपीत हा दाब उतरवतात आणि मग घरात 230 व्होल्ट येतात. वळवाच्या वाऱ्यात एखादी फांदी त्या 11 हजारांच्या तारेवर टेकली, की वीज फांदीतून जमिनीत उतरू लागते. उपकेंद्रातली यंत्रणा ते ओळखते आणि पूर्ण लाईन बंद करते. फांदी एकाच ठिकाणी असते, अंधार मात्र त्या लाईनवरच्या सगळ्या गावांत होतो. मग वायरमन मधले स्विच उघडून लाईनचे तुकडे पाडतात, एकेक तुकडा चालू करून बघतात, आणि जो टिकत नाही त्याच्याखालून खांबामागून खांब चालत जातात. डोंगर, ओढे आणि झाडी असलेल्या भागात यात अख्खा दिवस जाऊ शकतो. धरण शेजारी असल्याने या कामात तसूभरही मदत होत नाही.

दुसरी गोष्ट ठरवायची ती दिवसाची. मी जूनचा पहिला आठवडा घेईन. वळीव कोसळतो, शाळेला अजून सुट्टी असते, आणि भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचा हंगाम चालू असतो. मेच्या अखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे हजारोंनी चमकतात आणि ते बघायला मुंबई-पुण्याहून, नाशिकहून गाड्या येतात. इथेच पुष्कळ भाषणे घसरतात. लिहिणारा मोठा माणूस एकाच दिवसात काजवेही घालतो, रंधा धबधबा धो धो कोसळवतो आणि भाताची लावणीही उरकतो. लावणी जुलैतली. त्या भागातल्या कोणत्याही आजीला हे लगेच खटकेल. एक दिवस घेतला की त्या दिवसाच्या ऋतूशी इमान राखायचे.

लांबीचे गणित श्वासावर बसवावे. या वयाच्या स्पर्धांत साधारणपणे तीन ते पाच मिनिटे मिळतात. मूल न धावता बोलले तर मिनिटाला शंभर-एक शब्द होतात, आणि हशाला थांबायचे तर त्याहून कमी. म्हणून चार मिनिटांसाठी चारशेच्या आतच राहावे. एका श्वासात सात-आठ शब्दांचे वाक्य आरामात बसते. त्याहून लांब वाक्य आले तर शक्यतो त्याचे दोन करावे. लिहून झाले की मुलीला एकदा उभ्याने वाचू द्यावे. जिथे ती वाक्याच्या मधेच श्वास घेते, तिथे वाक्य चुकलेले असते.

आता भाषण.

“व्यासपीठावरील मान्यवर, माझे गुरुजन आणि बालमित्रांनो,

मी शेंडीची. आमच्या गावाला लागूनच भंडारदरा धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी वीज तयार होते. किती? बारा वॅटचे दहा लाख दिवे लागतील एवढी! आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी त्या दहा लाखांतला एकही आमच्या घरात लागत नव्हता.

दिव्याखाली अंधार असतो, हे मी ऐकलं होतं. धरणाखालीही असतो, हे त्या दिवशी कळलं.

झालं असं, की रात्री वळवाचा पाऊस आला. वारा सुटला. कुठेतरी कडाड्कन आवाज झाला आणि लाईट गेली. आम्ही सगळे एकदम म्हणालो, ‘गेली!’ जणू आम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंच नसतं.

सकाळ झाली. मोटार बंद, म्हणून नळाला पाणी नाही. गिरणी बंद, म्हणून पीठ नाही. टीव्ही बंद, म्हणून अभ्यास कर! मी म्हटलं, सुट्टी आहे. वाचले.

सगळ्यात जास्त हाल बाबांचे. त्यांच्या मोबाइलची बॅटरी होती चार टक्के. दर पाच मिनिटांनी ते मोबाइल उघडून बघायचे, बॅटरी किती उरली. त्या बघण्यातच ती संपली! बाबा म्हणाले, ‘आता दिवसभर करायचं काय?’ आजी म्हणाली, ‘अरं, लाईट गेलीय, दिवस नाही गेला. घे बादली!’

बाबा विहिरीवर गेले. निघताना पाणी बादलीत होतं. घरी पोचेपर्यंत ते बाबांच्या पँटवर होतं. आईने पाटा-वरवंटा काढला. चटणी मी वाटली. सगळे म्हणाले, ‘वा, पाट्याची चवच वेगळी!’ खरं सांगू? मी मीठ विसरले होते.

संध्याकाळी मुंबईची एक गाडी थांबली. आतल्या काकू म्हणाल्या, ‘बाळा, काजवे बघायचेत. खूप अंधार कुठे मिळेल?’ मी म्हटलं, ‘आमच्या घरी चला!’ मंडळी, ते लोक पैसे खर्चून अंधार शोधत होते, आणि आम्हाला तो घरपोच मिळाला होता.

रात्री आम्ही अंगणात बसलो. समोरच्या सादड्यावर काजवेच काजवे. माझा छोटा भाऊ म्हणाला, ‘आजी, यांचं बिल कोण भरतं?’

तेवढ्यात रस्त्यावर एक मोठा काजवा दिसला. तो होता टॉर्च. टॉर्चमागे वायरमन काका. सकाळपासून ते तारेखालून चालत होते. एकेक खांब बघत होते. तारेवर पडलेली एक फांदी शोधायला त्यांचा अख्खा दिवस गेला. त्यांच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी आजीकडे फक्त पाणी मागितलं.

थोड्या वेळाने लाईट आली. सगळे ओरडले, ‘आली!’ मी बघितलं, बाथरूमचा दिवा उगाचच लागला होता. कालपासून बटण मीच चालू ठेवलं होतं. मी उठले आणि तो बंद केला. आजी म्हणाली, ‘अगं, आत्ता तर आली, लगेच घालवलीस?’

तेव्हापासून मी बटण बंद करायला विसरत नाही. बटणाला हात लावला, की मला काकांचे ते पाय दिसतात.

फक्त एक अडचण आहे. परवा मी बाथरूमचा दिवा बंद केला, तेव्हा बाबा आत होते!

धन्यवाद.”

या भाषणात काय नाही ते आधी बघू. एडिसन नाही, आणि तो मुद्दाम नाही. शेंडीच्या अंगणात त्याला काही काम नाही. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर आणि पूर्व भारताची वीज गेली होती, त्यात दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून जास्त लोक अंधारात होते. माहिती मोठी आहे आणि मोह होतो. पण साठ कोटी लोक एकदम व्यासपीठावर आले, की चार टक्क्यांच्या मोबाइलवाले बाबा दिसेनासे होतात. शिवाय त्या दिवशी महाराष्ट्रातले दिवे चालूच होते.

घाटघरचा प्रकल्प वगळताना मात्र मला खरेच हळहळ वाटली. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावर, या 250 मेगावॅटच्या प्रकल्पाचा जलाशय आहे. तिथले पाणी विजेची मागणी जास्त असते तेव्हा कोकणाच्या बाजूला खाली सोडून वीज काढतात, आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते, पण ती नको असते तेव्हाची आणि मिळते ती हवी असते तेव्हाची, म्हणून व्यवहार परवडतो. ‘आमच्याकडे पाणीसुद्धा दोन पाळ्यांत काम करतं’ अशी ओळ मी लिहूनही पाहिली. पण तिच्यामागून दोन वाक्यांचा खुलासा लागतो, आणि खुलासा संपेपर्यंत हसू विरून जाते. ती ओळ सातवी-आठवीच्या मुलाला द्यावी.

विनोदाचे इथे तीन पत्ते आहेत. बाबा हसू पत्करतात, मुलगी स्वतःवर हसते, आणि काजवे बघायला आलेल्या पाहुण्यांशी परिस्थितीच थट्टा करते. आजीवर हसू नाही. तिच्या तोंडची ओळ हसवते, पण जिंकते आजीच. वायरमनवर तर मुळीच नाही. भाषणात हसू कुणाच्या अंगावर पडते, हे परीक्षक सांगत नाहीत, पण टिपतात. बाबांनी काठीने फांदी ओढली, असा एखादा प्रसंग सुचेल आणि हशाही पिकेल. तो घालू नये. ओल्या काठीतून वीज वाहते, आणि समोर बसलेल्या शंभर मुलांपैकी एखाद्याला ती युक्ती आवडू शकते. तुटलेल्या किंवा फांदी पडलेल्या तारेपासून लांब राहायचे आणि वीज कंपनीला कळवायचे, हेच खरे.

छोट्या भावाचा बिलाचा प्रश्न तसाच सोडला आहे. मुलीला उत्तर ठाऊक असलेले बरे. काजव्याच्या पोटातल्या एका द्रव्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो उजेड पडतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. तो उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. गाडीचे दिवे किंवा मोबाइलचा फ्लॅश त्यात शिरला की साद पोचत नाही, म्हणून काजवे बघायला येणाऱ्यांना दिवे बंद ठेवायला सांगतात. पण हे व्यासपीठावर सांगू लागलो तर अंगणातले भाषण विज्ञानाच्या तासाला जाऊन बसेल.

तात्पर्याची जागा बघा. ‘वीज वाचवा’ हे शब्द कुठेच नाहीत. आधी चिखलाचे पाय येतात, मग उगाच लागलेला दिवा, मग बटण. मुलीने केलेली कृती एकच आणि तिच्या हाताच्या अंतरातली. तीन वाक्यांत ती उरकते आणि लगेच बाबा आत सापडतात. तात्पर्य अगदी शेवटी ठेवले, तर लोक ते येताना बघतात आणि टाळ्यांसाठी हात जुळवून बसतात. शेवटून दुसरे ठेवले, तर हसता हसता बरोबर जाते. बटणाचा तपशील आधी पेरलाय, हेही ध्यानात घ्या. ‘कालपासून बटण मीच चालू ठेवलं होतं’ हे वाक्य गाळले, तर मुलगी एकदम साळसूद होते आणि बाबांची शेवटची फजितीही उगवायला जागा राहत नाही.

पाठांतर शब्दांचे करून घेऊ नका, ठिकाणांचे करून घ्या. धरण, घर, विहीर, पाटा, रस्ता, अंगण, बाथरूम. मुलीने घरात या क्रमाने चालत चालत भाषण म्हणावे. एखादा शब्द निसटला तरी पुढचे ठिकाण हरवत नाही. शब्दाशब्दाने पाठ केलेल्या भाषणात एक शब्द अडला की मूल छताकडे बघू लागते, आणि छतावर काही लिहिलेले नसते.

‘घे बादली’ नंतर एक श्वास थांबायचे. लोक हसले तर हसू ओसरू लागेपर्यंत थांबायचे. पूर्ण शांतता होईपर्यंत नाही, नाहीतर हॉल गार पडतो. हसले नाहीत तर अजिबात थांबायचे नाही. दर वेळी थांबण्याची सवय लावली, तर न हसलेल्या हॉलमध्ये मूल वाट बघत उभे राहते, आणि ते बघवत नाही. आजीचे वाक्य आजीच्या आवाजात काढायचा आग्रह नको. कंबर वाकवून, चेहरा आक्रसून केलेली आजी नाटकात शोभते. इथे फक्त ‘अरं’ नीट लागला पाहिजे.

माईक बंद पडला तर? वळवाच्या दिवसांत ही शक्यता खरीच असते. मुलीने न ओरडता व्यासपीठाच्या पुढच्या कडेला यावे, शेवटच्या रांगेतल्या एका माणसाकडे बघून बोलावे आणि वेग थोडा कमी करावा. वेग उतरला की शब्द मागेपर्यंत स्पष्ट पोचतात. ‘बघा, इथेही गेली!’ एवढे तिने स्वतःहून म्हटले, तर त्याचे गुण कुणी कापणार नाही. पण ते घरून घोटून आणू नये.

राहिली घंटा. पहिली घंटा साधारण एक मिनिट आधी वाजते. तोवर मुलगी वायरमनच्या टॉर्चपाशी पोचली असेल, तर सगळे भाषण पूर्ण होईल. अजून चटणीतच असेल, तर गाडी आणि काजवे दोन्ही सोडून सरळ ‘रात्री रस्त्यावर एक टॉर्च दिसला’ इथे उडी मारायची. ही उडी घरी निदान दोनदा मारून घ्यावी, कारण ‘मोठा काजवा’ ही ओळ त्या वेळी चालत नाही. आधी छोटे काजवे आलेलेच नसतात.